सगळी चित्रं एकाच हातची

भूजल शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला सादरीकरणासाठी चौदा चित्रं हवी होती. पाऊस पडतो, पाणी मातीत मुरतं, खडकाच्या फटींतून खाली झिरपतं, तिथे साठतं, विहिरीत उतरतं, पंपाने उपसलं जातं आणि उपसा वाढला की पातळी खाली जाते, एवढीच ती गोष्ट. चित्रकाराकडे जायला वेळ नव्हता, म्हणून तिने ती चित्र बनवणाऱ्या एआयकडून काढून घेतली. सुटं सुटं पाहिलं तर प्रत्येक चित्र चांगलं होतं. मग तिने स्लाइड सॉर्टर उघडला, सगळ्या स्लाइड एकाच वेळी पडद्यावर आल्या, आणि तिचा चेहरा उतरला. पावसाचं चित्र ओल्या जलरंगातलं वाटत होतं. मातीचे कण प्लास्टिकच्या चकचकीत गोळ्यांसारखे होते. पंप एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातून उचलल्यासारखा, तर शेतकरी लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकातला. आणि चौदाही वेळा तिने प्रॉम्प्टमध्ये शब्द तेच लिहिले होते: flat, minimal, modern.

शब्द तेच असून चित्रं वेगळी का येतात, हे आधी समजून घेतलं की पुढची निम्मी कामं सोपी होतात. ही मॉडेलं चित्र आणि त्याचं वर्णन अशा असंख्य जोड्यांवर शिकलेली असतात. त्यामुळे एखाद्या वस्तूचं नाव घेतलं की त्या वस्तूसोबत ती वस्तू एरवी ज्या ढंगात काढली जाते तो ढंगही येतो. मूल म्हटलं की गोष्टीच्या पुस्तकाची शैली जवळ येते, यंत्र म्हटलं की जाहिरातीची चकाकी, पाऊस म्हटलं की जलरंग. ‘मिनिमल’ हा शब्द या ओढीला रोखू शकत नाही, कारण तो स्वतःच शेकडो वेगवेगळ्या शैलींवर चिकटवलेला असतो. त्यात प्रत्येक चित्राची सुरुवात नव्या यादृच्छिक ठिपक्यांपासून होते. तुम्ही आधीचं चित्र मुद्दाम पुढे ठेवलं नाहीत, तर आधी काय काढलं होतं याचा मॉडेलला पत्ता नसतो.

इथे बरेच जण सीडकडे वळतात. सीड म्हणजे त्या सुरुवातीच्या ठिपक्यांचा क्रमांक. तोच सीड आणि तोच प्रॉम्प्ट त्याच मॉडेलला, त्याच सेटिंगवर दिला तर जवळपास तेच चित्र येतं, म्हणून सीड बांधला की शैलीही बांधली जाईल असं वाटतं. पण विषयाचं वाक्य बदललं की सीडमुळे फार तर मांडणी सारखी राहते, म्हणजे मोठी वस्तू उजवीकडे, क्षितिज तेवढ्याच उंचीवर. रेघ आणि रंग सीडच्या हातात नसतात. एकाच चित्रात छोटा बदल करून पाहायचा असेल तेव्हा सीड फार कामाचा आहे. चौदा वेगळ्या विषयांना एका शैलीत बांधणं हे त्याचं काम नव्हे.

म्हणून आम्ही विशेषणं बाजूला ठेवली आणि शैली म्हणजे नेमकं काय काय ठरवायचं, ते कागदावर लिहायला बसलो. बाह्यरेषा असणार की नाही, असली तर किती जाड आणि कोणत्या रंगाची. रंग किती आणि कोणते. सावली असेल का. वस्तूकडे समोरून पाहायचं, वरून की कडेने. चित्रात किती जागा मोकळी सोडायची. चित्रकार हे निर्णय हाताच्या सवयीने घेतो, आणि ती सवय चौदाव्या चित्रापर्यंत त्याच्यासोबत असते. यंत्राला तशी सवय नसते, त्यामुळे ती आपल्यालाच लिहून ठेवावी लागते.

रंगांवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. भूजलाच्या सादरीकरणात निळा रंग म्हणजे पाणी. ते पाणी जमिनीखाली कुठे आहे, हेच तर प्रेक्षकाला दिसायला हवं. मग आकाश निळं चालणार नाही. पंप निळा चालणार नाही, शेतकऱ्याचा सदराही नाही. यंत्राला मात्र निळं आकाश इतकं आवडतं की ‘शेत’ म्हटलं तरी ते अर्धा कागद निळा करून ठेवतं. आम्ही आकाश आणि पार्श्वभूमी दोन्ही फिकट साय-रंगाची ठेवली, माती विटकरी, खडक मातकट पिवळा, झाडं राखाडी झाक असलेली हिरवी, बाह्यरेषा जवळजवळ काळी, आणि निळा फक्त पाण्याला. सहा रंग, बस. माझं मत असं की सादरीकरणात रंगाला अर्थ दिला आणि तो पाळला, तर शैलीचं अर्धं काम तिथेच होतं. डोळ्याला सारखेपणा आधी रंगात जाणवतो, रेघेत नंतर.

प्रॉम्प्टचा शैलीचा भाग शेवटी असा झाला:

```
flat screen print in six ink colors,
dark outline of even thickness, solid fills,
plain cream background, plain cream sky,
seen straight from the side at ground level,
one main object on the right, left third empty
```

‘स्क्रीन प्रिंट’ हे आम्ही विचार करून लिहिलं. छपाईच्या या पद्धतीत शाया मोजक्या असतात आणि रंग सपाट भरले जातात, त्यामुळे त्या नावाच्या चित्रांमध्येच एक शिस्त असते. ‘आधुनिक’ किंवा ‘सुंदर’ या शब्दांना असं कुंपण नसतं. दुसरी गोष्ट, या मजकुरात नकार कुठेच नाही. ‘सावली नको’ लिहिलं तर पुष्कळ मॉडेलांना त्यातली ‘सावली’ तेवढी कळते आणि ती हटकून येते. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी सोय असेल, जशी चित्र बनवणाऱ्या साधनांपैकी स्टेबल डिफ्युजनमध्ये निगेटिव्ह प्रॉम्प्टची चौकट असते किंवा मिडजर्नीमध्ये `--no`, तर ती जरूर वापरावी. मुख्य मजकुरात मात्र जे हवं तेच सांगावं: भरीव रंग, साय-रंगाचं आकाश. नेमका रंग सांगणारे हेक्स क्रमांकही त्यात घालून सहसा उपयोग होत नाही. बहुतेक मॉडेलं त्यांच्या आसपासचं काहीतरी देतात, नेमका तो रंग देत नाहीत. नेमकेपणा आणण्याची जागा नंतर येते.

हा मजकूर चौदाही प्रॉम्प्टमध्ये अक्षरशः तोच ठेवायचा आणि बदलायचं ते फक्त विषयाचं वाक्य, तेही डोळ्यांसमोर येईल असं. ‘पाण्याची टंचाई’ लिहिलं की मॉडेल भेगाळलेली जमीन, उदास चेहरा, मावळतीचा प्रकाश असं सगळं नाट्य आणतं आणि त्याबरोबर शैलीही पार बदलून जाते. ‘विहिरीचा उभा छेद, पाणी तळाशी, दोर लोंबतोय’ असं लिहिलं की मॉडेलला स्वतःची भर घालायला वाव कमी उरतो.

एवढं करूनही फक्त शब्दांवर चौदा चित्रं एकसारखी येत नाहीत. नमुन्याची चित्रं द्यावी लागतात. मिडजर्नीमध्ये `--sref` लिहून चित्राचा पत्ता दिला की त्या चित्राची शैली उचलली जाते आणि `--sw` ने तिचा जोर ठरतो. हा आकडा 0 ते 1000 असतो, काही लिहिलं नाही तर 100 धरला जातो. स्टेबल डिफ्युजन वापरणारे यासाठी 2023 साली आलेला आयपी-अ‍ॅडॅप्टर वापरतात. संवादातून चित्रं करून देणाऱ्या साधनांत चित्र सरळ जोडून ‘या शैलीत’ असं सांगता येतं. साधन कोणतंही असो, खरा प्रश्न एकच: नमुना म्हणून कोणतं चित्र द्यायचं?

सहज हात जातो तो पहिल्या स्लाइडकडे. पण पहिल्या स्लाइडवर बहुधा देखावा असतो, आणि देखावा कोणत्याही शैलीत बरा दिसतो. आम्ही सर्वांत अडचणीची तीन चित्रं आधी घेतली: माणूस असलेलं एक, जमिनीचा उभा छेद दाखवणारं एक आणि मातीचे कण भिंगातून पाहिल्यासारखं एक. ही तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून एका हातची वाटेपर्यंत प्रॉम्प्टचा मजकूर घासत राहिलो. त्यात माणसाचा निर्णयही झाला. चेहऱ्यावर नाक-डोळे नाहीत, माणूस कडेने दिसणार, छोटा, मातकट पिवळ्या रंगाचे कपडे. चेहरा आला की प्रत्येक स्लाइडवर वेगळा माणूस उभा राहतो, आणि इथे तर तो कोण आहे याला महत्त्वच नव्हतं.

ही तीन चित्रं मग बाकी अकरांसाठी नमुना झाली. तीन असण्यामागे कारण आहे. एकच नमुना दिला तर शैलीबरोबर त्यातली वस्तूही झिरपते. विहिरीचं चित्र एकटं दिलं होतं तेव्हा पावसाच्या चित्रातही जमिनीत एक गोल भोक आलं. तीन नमुन्यांत विषय वेगळे आणि हाताळणी एक असेल, तर मॉडेलला समान धागा म्हणून हाताळणीच सापडण्याची शक्यता वाढते. तरीही वस्तू डोकावू लागली तर नमुन्याचा जोर थोडा कमी करायचा. फार कमी केला तर विषयाची जुनी ओढ परत येते. यासाठी ठरीव आकडा नाही, दोन-तीन पायऱ्या करून शेजारी ठेवून पाहावं लागतं.

आणि एक पथ्य आम्ही कटाक्षाने पाळलं: नमुना नेहमी तीच मूळ तीन चित्रं. पाचवं चित्र छान आलं म्हणून सहाव्यासाठी ते द्यायचं, सहावं सातव्यासाठी, असं करत गेलं की शैली हळूहळू सरकते. शेजारशेजारच्या चित्रांत फरक दिसत नाही, म्हणून तो लक्षातही येत नाही. पहिलं आणि चौदावं एकत्र ठेवलं की कळतं: रेघ जाड झालेली, रंग भडकलेले, मोकळी जागा भरून गेलेली. एकाच संवादात ‘आता हे बदल, आता ते बदल’ करत चित्रावर चित्र काढत गेलं तरी हेच होतं. दुरुस्त्या वाढल्या की मूळ नमुन्यापासून नव्याने काढलेलं चित्र जास्त स्वच्छ येतं.

सहज जाता जाता एका मोठ्या दुरुस्तीबद्दल. मातीच्या थरांखाली पाणी दाखवायला सांगितलं की यंत्र तिथे निळंशार तळं काढतं. मैत्रीण पहिल्यांदा ते पाहून म्हणाली, “अगं, खाली तळं नसतं! हाच गैरसमज घालवायला मी उभी राहणार आहे.” पाणी बहुतेक ठिकाणी कणांच्या मधल्या पोकळ्यांत आणि खडकाच्या भेगांत असतं. कितीही वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं तरी मॉडेल तळ्याकडेच जात होतं, कारण जगातल्या बहुतेक चित्रांत ते तसंच काढलेलं आहे. शेवटी कणांचं चित्र पाण्याविना काढून घेतलं आणि मधल्या फटी तिने स्वतः चित्रांच्या साध्या प्रोग्रॅममध्ये निळ्या भरल्या. रंग सपाट आणि ठरलेले असल्यामुळे हाताने भरलेला भाग कुठे सुरू होतो ते ओळखूच येत नाही. जलरंगाची शैली निवडली असती तर हे जमलं नसतं. ज्या विषयात चित्र चुकलं की माहिती चुकते, तिथे हाताने दुरुस्त करता येईल अशी शैली निवडावी, मग ती थोडी साधी दिसली तरी चालेल. या बाबतीत मी ठाम आहे.

आता रेघेबद्दल. चित्र तयार होतं तेव्हा सगळ्यांत रेघ सारखी असते, पण स्लाइडवर आल्यावर ती सारखी राहत नाही. समजा चित्र 1344 बाय 768 पिक्सेलचं आहे आणि त्यात रेघ 6 पिक्सेलची आहे. स्लाइड 1920 पिक्सेल रुंद. चित्र पूर्ण स्लाइडभर पसरलं तर ते साधारण 1.4 पट ताणलं जातं आणि रेघ साडेआठ पिक्सेलची होते. तेच चित्र अर्ध्या स्लाइडवर बसवलं तर ते 0.7 पट होतं आणि रेघ चारेक पिक्सेलवर येते. एका स्लाइडवर रेघ दुसरीच्या दुप्पट. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण दोन वेगळ्या माणसांनी चित्रं काढली असावीत असं त्याला वाटतं.

यावर उपाय असा की चित्र लहान-मोठं करायचंच नाही. प्रत्येक चित्र पूर्ण स्लाइडच्या आकाराचं काढायचं आणि मजकुरासाठी डावीकडची जागा चित्रातच मोकळी ठेवायची. प्रॉम्प्टमधली शेवटची ओळ त्यासाठीच होती. वस्तू छोटी हवी असेल तर चित्रातच छोटी मागायची, चित्र आकसून नव्हे. आणि नावं, बाण, आकडे चित्रात मागायचेच नाहीत. ते सादरीकरणाच्या प्रोग्रॅममध्ये, बाकी स्लाइडच्याच फॉन्टमध्ये टाकायचे. मॉडेलने काढलेली अक्षरं बरोबर आली तरी प्रत्येक चित्रात वेगळ्या वळणाची येतात.

पूर्ण आकाराच्या चित्राची एक अडचण मात्र उरते. साय-रंग म्हणून सांगितलेली पार्श्वभूमी प्रत्येक चित्रात किंचित वेगळी येते, एकात पिवळसर, एकात गुलाबी झाक. स्लाइड पुढे सरकली की पडदा लुकलुकल्यासारखा होतो. इथे तो नेमकेपणा आणायचा. सहा रंगांच्या सहा चौकोनांची एक छोटी प्रतिमा `palette.png` नावाने बनवायची आणि इमेजमॅजिक या मोफत साधनाला सांगायचं की चित्रातला प्रत्येक रंग या सहांपैकी जवळच्या रंगात बदल:

```
magick in.png -resize 200% -dither None \
  -remap palette.png -resize 50% out.png
```

आधी दुप्पट आणि मग परत निम्मं करण्याचं कारण असं की सरळ सहा रंगांवर आणलं तर कडा करवतीसारख्या दातेरी होतात. मोठ्या आकारात रंग बदलून मग लहान केलं की कडा पुन्हा मऊ होतात. `-dither None` नसेल तर साधन मधल्या छटा ठिपक्यांनी भरून काढतं आणि सपाट रंगावर रवा सांडल्यासारखं दिसतं. हे झालं की सगळ्या चित्रांची पार्श्वभूमी एकच होते, आणि स्लाइडचीही तीच ठेवली तर चित्राची चौकट दिसेनाशी होते.

पण हे सरसकट लागू करू नये. सूक्ष्म सावली असलेल्या चित्रावर हीच आज्ञा चालवली तर सावलीच्या जागी मातकट पिवळे डाग उमटतात. आमच्या एका चित्रात ढगाची राखाडी छटा जवळचा रंग म्हणून हिरवी झाली. अशा वेळी चित्र परत काढणं हाच मार्ग, कारण ढगात छटा येणं म्हणजे तिथे मूळ मजकूर पाळला गेलेला नाही. जलरंग, पेन्सिल, छायाचित्रासारखी चित्रं यांना तर ही पद्धत मारकच आहे. त्यांच्यासाठी उजळपणा आणि रंगांची झाक हलक्या हाताने जुळवावी लागते, आणि इतका काटेकोर सारखेपणा मिळत नाही.

तपासायला स्लाइड सॉर्टर पुरतो. चौदाही चित्रं लहान करून शेजारी ठेवायची आणि ज्याने ती आधी पाहिलेली नाहीत अशा कुणाला तरी विचारायचं, यातलं कोणतं दुसऱ्याने काढलंय? चांगलं कोणतं, हे विचारायचं नाही. चांगलं विचारलं की लोक सर्वांत नटलेल्या चित्राकडे बोट दाखवतात, आणि पुष्कळदा तेच काढून टाकावं लागणारं असतं. मग तेच सगळं रंग काढून, फक्त करड्या छटांत पाहायचं. रंगांचं पांघरूण गेलं की गर्दी कुठे जास्त आहे, काळेपणा कुठे जास्त आहे ते लगेच समोर येतं. आमच्याकडे पंपाचं चित्र असं उघडं पडलं. रंग अगदी बरोबर, पण त्यात नटबोल्ट, पट्ट्या, जाळी असे इतके तपशील होते की शेजारच्या मोकळ्या विहिरीपुढे ते काळं ढेकूळ दिसत होतं. विषयाच्या वाक्यात ‘पंप’ याऐवजी ‘एक नळकांडं, एक हँडल, एक तोटी’ असं लिहिल्यावर ते मापात आलं.

काही महिन्यांनी तिला एक स्लाइड वाढवायची होती, कृत्रिम पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचं पाणी मुद्दाम खड्ड्यातून जमिनीत सोडण्याची. शैलीचा मजकूर, नमुन्याची तीन चित्रं आणि `palette.png` हे सगळं सादरीकरणाच्या फोल्डरमध्येच ठेवलेलं होतं. पण मधल्या काळात साधनाने मॉडेलची नवी आवृत्ती आणली होती, आणि तोच प्रॉम्प्ट, तेच नमुने देऊनही रेघ बारीक आणि टोकाला निमुळती येऊ लागली. रंग जागेवर आले, रेघ काही केल्या येईना. जुनी आवृत्ती निवडण्याची सोय त्या साधनात अजून होती, म्हणून निभावलं. जुनी आवृत्ती वापरात आहे तोवर तिने पुढच्या वर्षी लागू शकतील अशी आणखी काही चित्रं काढून ठेवली, आवृत्तीचा क्रमांक त्याच मजकुराच्या वर लिहून टाकला, आणि रिकाम्या जमिनीचा एक उभा छेदही ठेवला, म्हणजे पुढे काहीही दाखवायचं झालं तरी खड्डा, नळ, पाणी तिला स्वतःलाच त्यात काढता येईल.